विश्लेषण : अंबाजोगाईच्या विहिरीची पातळी खरेच घटते आहे का? बारा नोंदींमागचा दडलेला हिशेब

*भूजल पातळीच्या नोंदींवरून ‘पाणी दरवर्षी इतके खाली जात आहे’ असे ठामपणे सांगितले जाते. पण यंदाची नोंद मागच्या वर्षीच्या नोंदीला बांधलेली असेल, तर हा ठामपणा कितपत खरा? ते तपासण्यासाठी ‘डर्बिन-वॉटसन’ ही चाचणी वापरतात. तिचा हा उलगडा.*

विषय नेमका काय आहे?

बालाघाटच्या डोंगररांगेतील अंबाजोगाई आणि आसपासच्या गावांत पाण्याचा प्रश्न दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो. शहराला पाणी पुरवणारे धनेगावचे मांजरा धरण आणि गावोगावच्या विहिरी, दोन्ही पावसाच्या भरवशावर आहेत. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि मांजरा धरण कोरडे पडले. याच धरणावर अवलंबून असलेल्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे अनेकांना आठवत असेल.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींमधील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे हे त्याचे महिने. या नोंदींवरून पाणी वर्षागणिक वर येते आहे की खाली जाते आहे, याचा अंदाज बांधला जातो. नव्या विहिरींवर निर्बंध घालायचे का, टंचाई आराखड्यात गाव घ्यायचे का, जलसंधारणाच्या कामांचा उपयोग झाला का, अशा निर्णयांना या अंदाजाचा आधार असतो.

हा अंदाज बांधण्याची नेहमीची रीत सोपी आहे. आलेखावर वर्षे आणि पातळी मांडायची, त्यातून एक सरळ रेषा काढायची आणि रेषेचा उतार पाहायचा. अडचण उतारापाशी येत नाही. त्या उतारावर किती विश्वास ठेवायचा, हे ठरवताना ती येते.

एका विहिरीचे उदाहरण घेऊ

समजण्यासाठी एका काल्पनिक विहिरीचे आकडे घेऊ. दरवर्षी मे महिन्यात जमिनीपासून पाणी किती मीटर खोल आहे, याच्या सलग १२ वर्षांच्या नोंदी अशा आहेत : ७.६०, ७.३८, ८.१६, ९.०४, ९.६२, १०.००, ९.६८, ९.०६, ८.५४, ८.६२, ९.६०, १०.५८. आकडा मोठा म्हणजे पाणी अधिक खोल, हे लक्षात ठेवायचे.

या बारा बिंदूंमधून सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा काढली, तर पाणी दरवर्षी सरासरी ०.१८ मीटरने खोल जात असल्याचे दिसते. पहिल्या मेपासून बाराव्या मेपर्यंत ही घट जवळपास दोन मीटर होते. बातमीचा मथळा इथेच तयार होतो.

पण नोंदी रेषेवर तंतोतंत बसत नाहीत. कधी पाणी रेषेने सांगितल्यापेक्षा वर असते, कधी खाली. प्रत्यक्ष नोंद आणि रेषेवरचा आकडा यांत जो फरक उरतो, त्याला अवशेष म्हणतात. या विहिरीचे बारा अवशेष मीटरमध्ये असे येतात : −०.४, −०.८, −०.२, +०.५, +०.९, +१.१, +०.६, −०.२, −०.९, −१.०, −०.२, +०.६.

उतार किती भरवशाचा, हे या अवशेषांवरून ठरते. ते जितके पसरलेले, तितकी उताराबद्दलची शंका मोठी. ही शंका एका आकड्यात मांडली की तिला प्रमाण त्रुटी म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतले ‘स्टँडर्ड एरर’ ते हेच.

इथे अवशेषांचा पसारा साधारण ०.७६ मीटर आहे. बारा वर्षांच्या कालावधीचा हिशेब धरून उताराची प्रमाण त्रुटी ०.०६३ मीटर निघते. उतार ०.१८, म्हणजे त्रुटीच्या जवळपास २.८५ पट. बारा नोंदींसाठी हे गुणोत्तर २.२३ च्या वर गेले, की संख्याशास्त्राच्या प्रचलित नियमाने घट ‘लक्षणीय’ ठरते. त्रुटीला २.२३ ने गुणून उताराच्या दोन्ही बाजूंना मांडले, तर वार्षिक घट ०.०४ ते ०.३२ मीटरच्या दरम्यान आहे असा निष्कर्ष निघतो. शून्य त्या पट्ट्यात येत नाही. अहवालात वाक्य लिहिले जाते : पातळी निश्चितपणे घटत आहे.

मग यात चूक कुठे?

चूक बेरीज-वजाबाकीत नाही, एका न बोललेल्या गृहीतकात आहे. प्रमाण त्रुटीचे नेहमीचे सूत्र असे मानून चालते, की प्रत्येक अवशेष स्वतंत्र आहे. म्हणजे एखाद्या वर्षी पाणी रेषेच्या खाली गेले, यावरून पुढच्या वर्षी काय होईल हे सांगता येऊ नये. नाणे उडवल्यासारखे.

आता अवशेषांची चिन्हे पुन्हा पाहा. आधी तीन उणे, मग चार अधिक, मग चार उणे आणि शेवटी एक अधिक. अकरा वेळा वर्ष बदलले, पण चिन्ह फक्त तीनदा बदलले. नाणे उडवल्यासारखा प्रकार असता, तर ते साधारण निम्म्या वेळा बदलले असते. आकडेही हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. शेजारच्या वर्षांचे अवशेष एकमेकांना असे बांधलेले असणे, यालाच स्वसहसंबंध किंवा ‘ऑटोकोरिलेशन’ म्हणतात.

विहिरीच्या बाबतीत असे होण्याला ठोस कारण आहे. पावसाळ्यात मुरलेले पाणी बेसॉल्ट खडकाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये साठते. मेपर्यंत उपशाने आणि झिरपण्याने ते कमी होते, पण जे उरते त्यावरच पुढच्या पावसाची भर पडते. एक पावसाळा कोरडा गेला की पुढचा हंगाम रिकाम्या साठ्यापासून सुरू होतो. बरा पाऊस झाला तरी आधी खड्डा भरून निघतो, मग पातळी वर येते. थोडक्यात, विहिरीला मागचे वर्ष आठवते.

पावसाचे तसे नसते. एका वर्षीच्या पावसावरून पुढच्या वर्षीचा अंदाज फारसा बांधता येत नाही. वार्षिक पर्जन्यमानाच्या आकड्यांत ही साखळी बहुधा क्षीणच असते. त्यामुळे जी रीत पावसाच्या आकड्यांना चालून जाते, ती विहिरीच्या आकड्यांना चालेलच असे नाही.

डर्बिन-वॉटसन चाचणी काय करते?

जेम्स डर्बिन आणि जेफ्री वॉटसन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९५० आणि १९५१ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात दोन लेख लिहून ही चाचणी मांडली. त्यांनी घेतलेल्या उदाहरणांपैकी एक ब्रिटनमधील मद्याच्या खपाचे होते. १८७० ते १९३८ या वर्षांतील खप, उत्पन्न आणि किंमत यांचे ते आकडे होते. त्यात चाचणीचा आकडा ०.२५ च्या आसपास आला होता. तो इतका कमी येणे म्हणजे काय, हे पुढे कळेल.

चाचणीची कल्पना साधी आहे. शेजारच्या वर्षांचे अवशेष एकमेकांना बांधलेले असतील, तर त्यांच्यातला फरक लहान राहील. स्वतंत्र असतील, तर फरक मोठा असेल. म्हणून प्रत्येक वर्षाच्या अवशेषातून आदल्या वर्षाचा अवशेष वजा करायचा, त्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि तिला सगळ्या अवशेषांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. येणाऱ्या आकड्याला ‘डी’ म्हणतात.

आपल्या विहिरीसाठी पहिला फरक −०.४ पासून −०.८ पर्यंतचा, म्हणजे ०.४ आणि त्याचा वर्ग ०.१६. दुसरा ०.६, वर्ग ०.३६. तिसरा ०.७, वर्ग ०.४९. असे अकरा वर्ग मिळवले की ३.८८ येतात. बारा अवशेषांच्या वर्गांची बेरीज ५.७२ आहे. भागाकार ०.६८.

फोनवरच्या स्प्रेडशीटमध्येही हे होते. C2 ते C13 या घरांत बारा अवशेष क्रमाने भरले, की हे एक सूत्र पुरते :

```
=SUMXMY2(C3:C13,C2:C12)/SUMSQ(C2:C13)
```

०.६८ म्हणजे चांगले की वाईट?

‘डी’ नेहमी ० ते ४ च्या दरम्यान असतो. अवशेष एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर तो २ च्या जवळपास राहतो. २ पेक्षा बराच खाली गेला, तर एका वर्षाचा कल पुढच्या वर्षात उतरतो आहे. २ पेक्षा बराच वर गेला, तर उलट प्रकार : एका वर्षी वर, पुढच्या वर्षी खाली, असा झोका.

‘बराच खाली’ म्हणजे किती, यासाठी तक्ता आहे. त्यात एका मर्यादेऐवजी दोन मर्यादा दिलेल्या असतात. एका रेषेसाठी आणि १२ नोंदींसाठी पाच टक्के पातळीवर त्या ०.९७ आणि १.३३ आहेत. ‘डी’ ०.९७ च्या खाली असेल तर स्वसहसंबंध आहे असे मानायचे. १.३३ च्या वर असेल तर तसा पुरावा नाही. मधल्या पट्ट्यात आला तर चाचणी उत्तर देत नाही. हा मधला पट्टा राहतो, कारण नेमकी मर्यादा रेषा कोणत्या आकड्यांवर बसवली यानुसार थोडी हलते. २० नोंदींसाठी याच मर्यादा १.२० आणि १.४१ होतात. म्हणजे नोंदी वाढल्या की पट्टा अरुंद होतो.

०.६८ हा आकडा ०.९७ च्या बराच खाली आहे. या विहिरीचे अवशेष स्वतंत्र नाहीत.

याने प्रमाण त्रुटीचे काय होते?

खरा मुद्दा इथे आहे. स्वसहसंबंध असला तरी रेषेचा उतार आपोआप एका बाजूला झुकत नाही. ०.१८ हा अंदाज आहे तसा राहतो. बिघडते ती प्रमाण त्रुटी. नेहमीचे सूत्र तिला खऱ्यापेक्षा लहान दाखवते, आणि त्यामुळे खात्री वाढलेली दिसते.

कारण समजायला गावातले उदाहरण पुरे. एखाद्या बातमीची खात्री करायला बारा जणांना विचारले आणि बाराही जणांनी सारखेच सांगितले, तर विश्वास बसतो. पण त्यातल्या नऊ जणांनी ती उरलेल्या तिघांकडूनच ऐकली असेल, तर साक्षीदार बारा नाहीत, तीनच. सलग कोरड्या गेलेल्या वर्षांतील विहिरीच्या नोंदी या ऐकीव साक्षीदारांसारख्या असतात.

या विहिरीत लगतच्या अवशेषांतील सहसंबंध ०.६ च्या आसपास निघतो. कलरेषेसाठी एक ढोबळ नियम असा : एक अधिक सहसंबंध याला एक उणे सहसंबंध याने भागायचे. १.६ भागिले ०.४, म्हणजे ४. शंकेचा वर्ग चौपट होतो, म्हणून प्रमाण त्रुटी दुप्पट होते. ती ०.०६३ ऐवजी सुमारे ०.१२६ मीटर. बारा नोंदींमधली माहिती साधारण तीन स्वतंत्र नोंदींएवढी उरते.

आता उताराला त्रुटीने पुन्हा भागून पाहा. ०.१८ भागिले ०.१२६, म्हणजे सुमारे १.४. मर्यादा २.२३ ची होती. वार्षिक बदलाचा पट्टा आता ०.१० मीटर वर येण्यापासून ०.४६ मीटर खाली जाण्यापर्यंत पसरतो आणि शून्य त्याच्या पोटात येते. ‘पातळी निश्चितपणे घटत आहे’ हे वाक्य आता लिहिता येत नाही. ‘घटत असावी, पण या बारा नोंदींवरून सांगता येत नाही’, एवढेच म्हणता येते.

हा नियम लांबलचक नोंदींसाठी बरा बसतो. बाराच नोंदी असताना त्याचे उत्तर अंदाजे धरायचे. शिवाय इतक्या कमी नोंदींतून काढलेला सहसंबंध खऱ्यापेक्षा कमीच येण्याकडे झुकतो. म्हणजे दुप्पट केलेली त्रुटीही कदाचित अपुरी असेल.

हे फक्त घटीच्या दाव्यालाच लागू आहे का?

नाही, वाढीच्या दाव्यालाही तेवढेच लागू आहे. राज्यात जलयुक्त शिवार अभियान २०१४ च्या अखेरीस सुरू झाले. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ ही वर्षे दुष्काळी गेली आणि २०१६ मध्ये पाऊस चांगला झाला. अशा वेळी दोन कोरड्या वर्षांपासून मोजायला सुरुवात केली, तर पुढच्या काही नोंदी एकामागून एक वर जाताना दिसतील. त्यात कामांचा वाटा किती, पावसाचा किती आणि मागच्या वर्षीच्या उरलेल्या पाण्याचा किती, हे नुसत्या उतारावरून वेगळे करता येत नाही. नोंदी थोड्या असल्या आणि त्या एकमेकींना बांधलेल्या असल्या, की कोणत्याही बाजूचा दावा गरजेपेक्षा पक्का वाटतो.

‘डी’ कमी आला तर पुढे काय करायचे?

लगेच सूत्र बदलण्याआधी कारण शोधायचे. ‘डी’ कमी येणे हे ताप येण्यासारखे लक्षण आहे, त्यावरून आजार कळत नाही. अनेकदा हिशेबात एखादी महत्त्वाची गोष्ट घ्यायची राहून गेलेली असते. विहिरीच्या बाबतीत ती पाऊस. रेषेत फक्त वर्ष न घेता त्या वर्षीचा आणि आदल्या वर्षीचा पाऊसही घेतला, तर कोरडी-ओली वर्षे त्यातच समजावली जातात आणि उरलेले अवशेष स्वतंत्र होऊ शकतात. मग ‘डी’ पुन्हा काढायचा. तो २ कडे सरकला, तर नव्या रेषेची प्रमाण त्रुटी वापरता येते. मात्र बाराच नोंदी असताना अशा फार गोष्टी घालता येत नाहीत.

दुसरी शक्यता अशी, की सरळ रेषाच चुकीची आहे. एखाद्या वर्षापासून उपसा एकदम वाढला असेल, तर पातळी आधी स्थिर राहून नंतर कोसळते. त्यातून सरळ रेषा ओढली की अवशेष गटागटाने एका बाजूला जातात. म्हणून आलेख डोळ्यांनी पाहणे हा पहिला उपाय.

हे सगळे करूनही साखळी उरली, तर दोन प्रचलित मार्ग आहेत. पहिला कॉक्रन आणि ऑर्कट यांचा, १९४९ चा : प्रत्येक नोंदीतून आदल्या नोंदीचा ठरावीक हिस्सा वजा करून, म्हणजे इथे ०.६ पट वजा करून, उरलेल्यावर रेषा काढायची. दुसरा न्यूई आणि वेस्ट यांचा, १९८७ चा : रेषा तीच ठेवायची, पण प्रमाण त्रुटी साखळी लक्षात घेऊन नव्याने काढायची. दुसऱ्या मार्गाला नोंदी भरपूर लागतात. बारा नोंदींवर तो त्रुटी पुन्हा लहानच दाखवण्याची शक्यता असते.

चाचणीला काय दिसत नाही?

‘डी’ फक्त लगतच्या दोन नोंदींची तुलना करतो. चारही महिन्यांच्या नोंदी एकाच रांगेत लावल्या, तर दर ऑक्टोबरला पाणी वर आणि दर मेला खाली, हा ऋतूचा खेळ चार घरांच्या अंतरावर चालतो. तो ‘डी’ नीट पकडत नाही. त्यासाठी मेची तुलना मेशीच करणे बरे.

नोंदींचा क्रम काळानुसारच हवा. आकडे चढत्या क्रमाने लावले किंवा तालुक्यातील वेगवेगळ्या विहिरी एकाखाली एक मांडल्या, तर ‘डी’ काहीतरी आकडा देतो, पण त्याला अर्थ नसतो. मधले एखादे वर्ष गहाळ असेल, तर ‘लगतची’ नोंदही लगतची राहत नाही. रेषेतच मागच्या वर्षीची पातळी एक घटक म्हणून घेतली, तर ‘डी’ २ कडे ओढला जातो आणि साखळी लपते. त्यासाठी डर्बिन यांनी १९७० मध्ये वेगळी चाचणी दिली.

आणि प्रत्येक विहिरीला सारखेच आठवते, असेही नाही. उथळ विहिरीभोवती खडकाचा साठा लहान असेल, तर एका जोरदार पावसाळ्यात ती काठोकाठ भरते आणि मागचा सगळा हिशेब पुसला जातो. तिथे ‘डी’ २ च्या जवळ येऊ शकतो आणि नेहमीचे सूत्र चालते. शेजारचीच खोल बोअरवेल मात्र तीन वर्षांपूर्वीचा दुष्काळ अजून दाखवत असेल. म्हणून घटीचा किंवा वाढीचा आकडा समोर आला, की त्यासोबत तीन गोष्टी मागायच्या : नोंदी किती वर्षांच्या, प्रमाण त्रुटी किती आणि ती काढण्यापूर्वी अवशेषांचा ‘डी’ किती आला.